टिंबं, रेघा आणि हरवलेल्या फटी: मोर्स संदेश हातानं कसा फोडायचा

पझल हंट म्हणजे एका कोड्याचं उत्तर पुढच्या कोड्याकडे नेतं अशी स्पर्धा. या स्पर्धांमध्ये कधी ना कधी असा संदेश समोर येतोच:

```
-..... -.-.-.-- ..... ..-. -..... -..-.-...
```

टिंबं आणि रेघा पाहून हा मोर्स कोड आहे हे कुणाच्याही लक्षात येतं. मग बहुतेक जण संदेश जसाच्या तसा उचलतात, एखाद्या ऑनलाइन मोर्स अनुवादकात टाकतात आणि त्यांना साधारण असं काहीतरी मिळतं:

```
? ? 5 F ? ?
```

टीम रुळावरून घसरते ती इथेच. चार गट कळले नाहीत, पण दोन तर कळले, असं वाटतं. मग 5 F म्हणजे तक्त्यातला चौकोन असेल का, पाचव्या ओळीतलं F असेल का, असे तर्क सुरू होतात. प्रत्यक्षात संदेशात 5 नाही आणि F पण नाही. अनुवादकाला फटी चुकीच्या ठिकाणी दिसल्या, एवढंच. हाच संदेश कागद-पेन्सिल घेऊन फोडता येतो. कसा, ते पाहू.

## फटीलाही अर्थ असतो

मोर्स कोडमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षराला टिंब आणि रेघांची एक जुळणी ठरलेली आहे. E म्हणजे एक टिंब, T म्हणजे एक रेघ, A म्हणजे `.-`. वारंवार येणाऱ्या अक्षरांच्या खुणा छोट्या आहेत, क्वचित येणाऱ्यांच्या लांब. दोनच चिन्हं आहेत असं आपण म्हणतो खरं, पण त्यात तिसरी एक गोष्ट धरलेली असते, ती म्हणजे शांतता. टिंबाची लांबी १ मात्रा धरली तर रेघ ३ मात्रांची असते. एकाच अक्षराच्या आतल्या खुणांमध्ये १ मात्रेची फट असते, दोन अक्षरांमध्ये ३ मात्रांची आणि दोन शब्दांमध्ये ७ मात्रांची. ऐकताना हा फरक कानाला सहज कळतो. कागदावर उतरवताना मात्र तीन प्रकारच्या फटींचं काम एका स्पेसवर आणि जमलं तर एका तिरप्या रेघेवर येऊन पडतं.

फट गेली की अर्थ डळमळतो. मराठीत ‘जाऊनये’ असं सलग लिहिलं तर ते ‘जाऊ नये’ आहे की ‘जाऊन ये’, हे नुसत्या अक्षरांवरून सांगता येत नाही, आणि दोन्हींचा अर्थ तर अगदी उलट आहे. मोर्समध्ये हा गोंधळ प्रत्येक शब्दात होतो, कारण जवळपास कुठेही कापलं तरी काही ना काही अक्षर तयार होतंच. `.-` हे A सुद्धा आहे आणि E नंतर T सुद्धा.

सुरुवातीच्या अमेरिकन मोर्समध्ये तर काही अक्षरांच्या पोटातच फट होती. C म्हणजे दोन टिंबं, थोडी उसंत, मग एक टिंब. आज वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये अशी अक्षरं नाहीत, म्हणून अक्षराच्या आत मोठी फट सापडणार नाही हे आपण गृहीत धरू शकतो. पुढचं सगळं काम याच एका खात्रीवर चालतं.

## आधी ठरवा, ही फट कसली?

समोर दिसणारी स्पेस अक्षरांमधली आहे की शब्दांमधली, हे ओळखायला गटांची लांबी मोजायची. इंग्रजी अक्षराच्या खुणा जास्तीत जास्त चार. अंकांच्या पाच. विरामचिन्हांच्या साधारण सहा. सगळे गट चारपर्यंतच असतील तर स्पेस अक्षरांमधली आहे आणि काम जवळजवळ झालंच, अक्षरं लिहून काढायची आणि शब्द तोडायचे. आपल्या संदेशातल्या गटांच्या लांबी आहेत ६, ८, ५, ४, ६ आणि ९. आठ किंवा नऊ खुणांचं अक्षर असूच शकत नाही. म्हणजे इथली स्पेस शब्दांमधली आहे आणि अक्षरांमधल्या फटी कुणीतरी पुसल्या आहेत.

हे कोडं रचणाऱ्यानं मुद्दाम केलेलं असू शकतं, पण दर वेळी तसंच असतं असं नाही. वेब पानावर सलग चार स्पेस टाकल्या तरी ब्राउझर सहसा एकच दाखवतो. रचणाऱ्यानं अक्षरांमध्ये एक आणि शब्दांमध्ये तीन स्पेस दिल्या असतील, तर वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा संदेश पानावरून उचलण्याआधी मूळ प्रत, चित्र किंवा पीडीएफ मिळते का ते पाहावं.

त्याहून त्रासदायक आहे आपोआप होणारी दुरुस्ती. बरेच लेखन-प्रोग्राम तीन टिंबांचं `…` असं एकच चिन्ह करून टाकतात आणि दोन रेघांची एक लांब रेघ `—` करतात. पहिल्यात नुकसान नाही, ते चिन्ह म्हणजे तीन टिंबं असं धरून पुढे जाता येतं. दुसऱ्यात मात्र मूळ रेघा दोन होत्या की तीन, हे नक्की सांगता येत नाही. अशी लांब रेघ दिसली तर त्या जागी पेन्सिलनं खूण करून ठेवावी आणि नंतर दोन्ही शक्यता तपासाव्यात.

शेवटची एक झटपट मोजणी. आपल्या संदेशात २७ टिंबं आहेत आणि ११ रेघा. इंग्रजी मजकुरात टिंबं जास्त असणं स्वाभाविक आहे, कारण E, I, S, H ही नेहमीची अक्षरं नुसत्या टिंबांची आहेत. रेघांचं पारडं बरंच जड असतं, तर कुणी टिंबं-रेघांची अदलाबदल केली असावी असा संशय घेतला असता. इथे तसं काही नाही.

## सर्वात छोट्या गटापासून सुरुवात का?

कारण तिथे शक्यता हाताच्या बोटांवर मोजता येतात. चार खुणांच्या गटात तीन जागी कापता येतं आणि प्रत्येक जागी कापायचं किंवा नाही असे दोनच पर्याय असतात, म्हणून एकूण ८ प्रकार होतात. आपला चौथा गट `..-.` पूर्ण फोडून पाहू:

```
..-.       F
. .-.      E R
.. -.      I N
..- .      U E
. . -.     E E N
. .- .     E A E
.. - .     I T E
. . - .    E E T E
```

या आठांत वाक्याच्या मधोमध सहज बसेल असा शब्द एकच आहे, IN. अनुवादकानं दाखवलेला F इथूनच आला होता. चारही खुणा एकत्र धरल्या की योगायोगानं F होतो, म्हणून त्यानं तो दिला.

लांबी वाढली की शक्यता जवळजवळ दुपटीनं वाढत जातात. फक्त अक्षरं धरली तर पाच टिंबांचा गट १५ प्रकारे फोडता येतो, सहा खुणांचा आपला गट २९ प्रकारे, आठ खुणांचा १०० प्रकारे आणि नऊ खुणांचा २०० प्रकारे. सहाही गटांच्या शक्यतांचा गुणाकार २०० कोटींच्या वर जातो. लांब गटापासून सुरुवात करणारा माणूस दोनशे तुकड्यांच्या यादीत अडकतो आणि थकून सोडून देतो.

आठ खुणांचे नेमके १०० प्रकार होण्यामागे एक कामाची गोष्ट आहे. चार खुणांच्या जुळण्या १६ होतात, पण इंग्रजीत त्यातल्या १२ च अक्षरांना दिल्या आहेत. `..--`, `.-.-`, `---.` आणि `----` या चार जागा रिकाम्या आहेत. दुसऱ्या गटात `.-.-` हा तुकडा दोनदा येतो, म्हणून तो सलग धरणारे प्रकार आपोआप बाद होतात. रिकाम्या जुळण्या दिसल्या की तिथे कुठेतरी कापायलाच हवं, हे पक्कं समजावं. सलग चार रेघांचा स्वतंत्र गट दिसला तर तो बहुधा TO असतो, कारण त्या चार रेघांतून दुसरा कुठलाही नेहमीचा शब्द निघत नाही.

## अक्षरं शोधू नका, शब्द बसवून पाहा

गट फोडून त्यातून शब्द शोधायचा ही सवय आपल्याला अक्षरओळखीपासून लागलेली असते. इथे उलट्या दिशेनं जाणं फार सोयीचं पडतं. गट फोडण्याचे प्रकार अनेक आहेत, पण एखादा शब्द मोर्समध्ये लिहिण्याचा प्रकार एकच असतो. तेव्हा नेहमीचे छोटे शब्द घ्यायचे, ते फटी न ठेवता मोर्समध्ये लिहायचे आणि कुठला गट तंतोतंत जुळतो ते पाहायचं. असा छोटासा तक्ता जवळ असला की पुरे:

```
AT   .--
IT   ..-
TO   ----
IN   ..-.
IS   .....
BE   -....
ON   ----.
OF   ---..-.
AND  .--.-..
THE  -.....
```

या तक्त्यात एक सापळा लपलेला आहे. पाच टिंबं म्हणजे मोर्समधला 5, `-....` म्हणजे 6 आणि `----.` म्हणजे 9. म्हणूनच फटी गमावलेला संदेश अनुवादकात टाकला की प्रश्नचिन्हांच्या गर्दीत सुटे 5, 6, 9 उगवतात. ते अंक दिसले की आधी IS, BE आणि ON आठवावेत. आकड्यांभोवती तर्क रचायला नंतर वेळ असतोच.

आता आपला तिसरा गट, पाच टिंबं. IS बसतो. पण HE पण बसतो, EH बसतो आणि SEE सुद्धा. चारही खरे शब्द. एवढ्यावर निर्णय घेऊ नये, चारही पेन्सिलनं लिहून ठेवावेत.

पहिला आणि पाचवा गट एकसारखाच आहे, `-.....`. तक्त्यात तो THE शी जुळतो. BEE आणि DIE यांच्याही खुणा अगदी याच येतात, जुन्या धाटणीचा TIS सुद्धा. पण एकच शब्द सहा शब्दांच्या संदेशात दोनदा आलाय आणि त्यातला एकदा IN च्या लगेच नंतर. इंग्रजीत IN नंतर येणारा सर्वात नेहमीचा शब्द THE. IN DIE किंवा IN BEE म्हणून पाहिलं तर वाक्य पुढे सरकत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी THE:

```
THE  -.-.-.--  .....  IN  THE  -..-.-...
```

दहा मिनिटांपूर्वी नुसत्या खुणा होत्या, आता वाक्याचा सांगाडा हातात आला.

## जिथे शब्दकोश थांबतो तिथे वाक्य बोलतं

दुसरा गट आठ खुणांचा, शंभर शक्यतांचा. पण आता सगळ्या शंभर पाहायची गरज नाही. THE नंतर नाम हवं आणि संदेश पझल हंटचा आहे. अशा संदेशांत वारंवार येणारे शब्द मोजके असतात: KEY, CODE, CLUE, WORD, NEXT, ANSWER. ते एकेक करून मोर्समध्ये लिहून पाहिले की KEY जागेवर बसतो:

```
-.-  .  -.--     K E Y
-  .-.  -.--     T R Y
```

खालची ओळ मुद्दाम दिली आहे. TRY च्या खुणा फटी काढल्यावर KEY सारख्याच होतात, एकाही टिंबाचा फरक नाही. मोर्सच्या तक्त्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी या दोघांतला खरा कोणता, ते तो सांगू शकत नाही. इथे निर्णय शेजारचे शब्द करतात. THE TRY IS IN THE असं सुरू होणारं वाक्य एखाद्या खेळाबद्दल असू शकेल, पण कोड्याच्या संदेशात ते ओढूनताणून वाटतं. THE KEY सहज वाचलं जातं. आणि KEY घेतला की तिसऱ्या गटाचाही निकाल लागतो, कारण THE KEY HE IN किंवा THE KEY SEE IN असं काही होत नाही. उरतो IS.

```
THE KEY IS IN THE  -..-.-...
```

## मग शेवटचा शब्द कोणता?

इथे मी सर्वात जास्त वेळ थांबायला सांगेन, कारण इथपर्यंत आलेली टीम घाईत चुकते. गट नऊ खुणांचा. वाक्य म्हणतंय की किल्ली कशात तरी आहे. कोड्यात किल्ली कुठे लपवतात? शीर्षकात. TITLE मोर्समध्ये लिहून पाहिला तर तंतोतंत जुळतो. सगळे टाळ्या वाजवतात आणि शीर्षकाच्या मागे लागतात.

पण याच नऊ खुणा आणखी एका शब्दाच्या आहेत:

```
-  ..  -  .-..  .     T I T L E
-  ..  -.  -  ...     T I N T S
```

किल्ली शीर्षकात आहे आणि किल्ली रंगछटांमध्ये आहे, ही दोन्ही वाक्यं व्याकरणानं बरोबर आहेत. दोन्ही कोड्याच्या भाषेत शोभतात. IN DIE सारखं इथे वाक्य मोडत नाही, त्यामुळे वाक्याची मदत संपते. आता पुरावा संदेशाच्या बाहेरच शोधावा लागतो. पानावर रंगीत चौकोन असतील, खुणा फिक्या-गडद शाईत छापलेल्या असतील तर TINTS चं पारडं जड. पान पूर्ण काळं-पांढरं असेल आणि शीर्षक मात्र जरा विचित्र, अनावश्यक लांब किंवा मजकुराशी न जुळणारं असेल तर TITLE. दोन्ही दिसत असतील तर दोन्ही तपासायचे, आणि ज्यातून पुढचा टप्पा निघतो ते उत्तर. माझं मत विचाराल तर TITLE ची शक्यता जास्त, कारण शीर्षकात किल्ली ठेवणं ही कोडं रचणाऱ्यांची नेहमीची चाल आहे. पण शक्यता जास्त असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

म्हणून एक सवय लावून घ्यावी: जुळणारा पहिला शब्द सापडला की त्याच खुणांचा दुसरा शब्द आहे का, हे लगेच पाहावं. विशेषतः ज्या शब्दावर पुढची कृती अवलंबून आहे त्या शब्दाच्या बाबतीत.

## हे सगळं संगणकावर का नाही करायचं?

जरूर करावं. दुसरा जुळणारा शब्द शोधण्यासाठी तर ते फारच उपयोगी आहे. पद्धत तीच, शब्द मोर्समध्ये लिहून गटाशी ताडून पाहण्याची. शब्दांची यादी असलेली एक फाइल असली की एवढा पायथन कोड पुरतो:

```python
codes = (".- -... -.-. -.. . ..-. --. .... .. .--- -.- .-.. -- "
         "-. --- .--. --.- .-. ... - ..- ...- .-- -..- -.-- --..").split()
M = dict(zip("abcdefghijklmnopqrstuvwxyz", codes))

for w in open("words.txt"):
    w = w.strip().lower()
    if w and all(c in M for c in w):
        if "".join(M[c] for c in w) == "-..-.-...":
            print(w)
```

यादी मोठी असली की TULE सारखे अनोळखी शब्दही समोर येतात. तेव्हा नेहमीच्या काही हजार शब्दांची यादी आधी चालवावी, मोठी यादी नंतर. आणि यंत्राला कोडं रचणाऱ्याचा स्वभाव माहीत नसतो. KEY आणि TRY दोन्ही ते सारख्याच निष्ठेनं छापेल. निवड आपल्यालाच करायची आहे.

## शब्दांमधल्या फटीही नसतील तर?

मग प्रश्न खरोखर अवघड होतो. आपल्याच संदेशाच्या ३८ खुणा सलग लिहिल्या तर सुरुवात कुठून करायची, हेच कळत नाही. प्रत्येक वाढीव खुणेबरोबर शक्यता जवळपास दुप्पट होतात, आणि त्यातून वाचता येतील अशी खोटी वाक्यंही निघतात. अशा वेळी आधी फटी दुसऱ्या रूपात दिल्या आहेत का, ते शोधावं. ओळ कुठे तुटते, कुठल्या खुणा ठळक आहेत, चित्रात दोन खुणांमधलं अंतर खरोखर सारखं आहे का, हे पट्टी ठेवून मोजावं. ध्वनिफीत असेल तर ती एखाद्या ऑडिओ प्रोग्राममध्ये उघडून लहरींमधल्या शांततेची लांबी पाहावी. १, ३ आणि ७ मात्रांचे तीन ढीग वेगळे दिसतात. हातानं वाजवलेला मोर्स असेल तर आकडे इतके नेमके येत नाहीत, पण ढीग तरीही तीनच पडतात.

काहीच हाती लागलं नाही तर THE ची ठेवण शोधावी, म्हणजे एक रेघ आणि तिच्यामागे पाच टिंबं. पाच टिंबं सलग असणं ही स्वतःच एक खूण आहे, कारण कुठल्याही अक्षरात चारपेक्षा जास्त टिंबं नसतात. तेव्हा त्या पाचांच्या मधे कुठेतरी फट होतीच. हीच ठेवण उलटी दिसली, म्हणजे पाच टिंबांमागे एक रेघ वारंवार आली, तर संदेश शेवटून सुरुवातीकडे वाचून पाहावा. आणि एका टिंबामागे पाच रेघा वारंवार दिसल्या, तर टिंबं-रेघांची अदलाबदल करून पुन्हा पहिल्या मोजणीपासून सुरू करावं.